१८३ अंशांवरचा थांबा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सोल्डरचे रीळ मागितले, तर जाणता दुकानदार उलट विचारतो, "साठ-चाळीस की त्रेसष्ट-सदतीस?" पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. फरक अवघा तीन टक्क्यांचा, पण दोन्ही तारा वितळतात वेगवेगळ्या रीतीने. त्रेसष्ट-सदतीसची तार १८३ अंश सेल्सिअसला एकदम पाणी होते आणि निवताना जवळपास त्याच तापमानाला एकदम गोठते. साठ-चाळीसची तार १८३ अंशांना वितळू लागते, पण पूर्ण द्रव व्हायला तिला १९० च्या आसपास जावे लागते. मधल्या सात अंशांत ती धड घन नसते, धड द्रवही नसते.

शुद्ध कथील वितळते २३२ अंशांना आणि शुद्ध शिसे ३२७ अंशांना. या दोघांचे मिश्रण मधेच कुठेतरी, म्हणजे २५०-३०० च्या दरम्यान वितळावे, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते दोघांच्याही खाली उतरते.

याचे कारण द्रव आणि घन यांच्या स्वभावातल्या फरकात आहे. वितळलेल्या अवस्थेत कथील आणि शिसे कोणत्याही प्रमाणात मनसोक्त मिसळतात. घन होताना मात्र शिशाच्या स्फटिकाची स्वतःची मांडणी असते आणि कथलाच्या स्फटिकाची स्वतःची, आणि परक्या अणूला दोघेही थोडीच जागा देतात. शिशाच्या रसात कथील टाकले की रसातले शिशाचे अणू विरळ होतात. स्फटिकाच्या पृष्ठभागावर येऊन बसणारे अणू कमी पडतात, तिथून सुटून रसात जाणारे मात्र पूर्वीइतकेच राहतात. हा तोल पुन्हा साधायचा तर रस आणखी थंड करावा लागतो. म्हणून कथील वाढवत नेले की शिसे गोठू लागण्याचे तापमान ३२७ वरून खाली घसरते. दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे कथलात शिसे वाढवत गेले, तर तसेच २३२ वरून घसरते. उजवीकडून आणि डावीकडून उतरणाऱ्या या दोन रेषा एकमेकींना कुठेतरी भेटणारच. शिसे-कथलाच्या बाबतीत त्या वजनाने ६१.९ टक्के कथील असताना १८३ अंशांना भेटतात. हा युटेक्टिक बिंदू. दुकानातला 'त्रेसष्ट' म्हणजे हाच आकडा, व्यवहारापुरता पूर्ण केलेला.

युटेक्टिक हे नाव इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये दिले. त्याआधी ते बरीच वर्षे खारे पाणी गोठवत बसले होते, कारण मीठ आणि पाणी ही जोडीही अशीच वागते. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते. कुल्फीच्या मडक्यात बर्फावर खडेमीठ घालतात ते याच आकड्याच्या दिशेने जाण्यासाठी, फक्त मडके तिथवर पोचत नाही इतकेच.

आता कागदावर आडव्या अक्षावर कथलाची टक्केवारी आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन त्या दोन उतरत्या रेषा काढल्या, की शिसे-कथलाच्या अवस्था-आलेखाचा वरचा भाग तयार होतो. रेषांच्या वर सगळा रस. १८३ अंशांवर एक आडवी रेषा, तिच्या खाली सगळे घन. आणि मधे, उतरत्या रेषा व आडवी रेषा यांच्यात, दोन त्रिकोणी पट्टे, जिथे रस आणि स्फटिक एकत्र नांदतात. डाव्या टोकाला एक अरुंद प्रदेश आहे, तो कथील सामावून घेतलेल्या शिशाचा. १८३ अंशांना शिशाचा स्फटिक जास्तीत जास्त १९ टक्के कथील पोटात घेऊ शकतो. उजव्या टोकाला कथलाचा स्फटिक मात्र भारी कंजूष, तो शिसे जेमतेम अडीच टक्के घेतो.

या रेषा सापडल्या कशा, हा खरा रंजक भाग आहे. वितळलेला धातू अपारदर्शक असतो. पहिला स्फटिक कधी जन्मला, हे बाहेरून पाहून कळत नाही. पण धातूला गोठताना आपली गुप्त उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि ती तापमापकाला कळते.

धातुविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हे काम आजही जवळजवळ जुन्याच पद्धतीने होते. सहा-सात मुशी घ्यायच्या, प्रत्येकीत सारख्याच वजनाचे, पण वेगवेगळ्या प्रमाणाचे मिश्रण. धातू वितळवून त्यावर ग्रॅफाइटची किंवा कोळशाची पूड पसरायची, म्हणजे हवेने त्याची राख होत नाही. नळीत घातलेले थर्मोकपल रसात मधोमध बुडवायचे, मूस भट्टीतून काढून एकाच जागी, एकाच प्रकारे निवू द्यायची आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचे. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम वहीत नसला तरी पाळायचा. मिळालेल्या आकड्यांचा वेळेनुसार आलेख काढला की तो शीतलन वक्र.

शुद्ध शिशाचा वक्र सोपा असतो. रस निवत निवत ३२७ ला येतो आणि तिथे थांबतो. मुशीतून उष्णता बाहेर जातच असते, पण गोठणारे शिसे तेवढीच उष्णता आतून पुरवत राहते, त्यामुळे तापमान हलत नाही. शेवटचा थेंब गोठला की घसरण पुन्हा सुरू होते. शुद्ध कथलाचे तसेच, फक्त त्याची एक खोड आहे. पहिला स्फटिक धरायला ते कां-कूं करते, २३२ च्या कित्येक अंश खाली उतरते, आणि मग स्फटिक बनू लागले की तापमान उसळी मारून वर येते. नवख्या विद्यार्थ्याला ही उसळी पाहून उपकरण बिघडले असे वाटते. वाचायचा तो आकडा उसळीनंतरच्या सपाट भागाचा, खड्ड्याचा नव्हे. मुशीतला रस अधूनमधून ढवळत राहिले तर हा खड्डा बराच कमी होतो.

आता चाळीस टक्के कथील आणि साठ टक्के शिसे असलेली मूस घ्या. हिचा वक्र २३८ अंशांपर्यंत नीट उतरतो आणि तिथे थांबत नाही, नुसता वाकतो. उतार मंदावतो. म्हणजे काहीतरी गोठू लागले आहे, पण सगळे नाही. गोठणारे आहे ते थोडे कथील पोटात घेतलेले शिसे. ते रसातून बाहेर पडल्यामुळे उरलेल्या रसात कथलाचे प्रमाण वाढते, त्या रसाला गोठायला आणखी खालचे तापमान लागते, तिथे आणखी थोडे शिसे बाहेर येते. रस असा पायरीपायरीने उतरत्या रेषेवरून घसरत जातो. १८३ अंशांना त्यातले कथील ६१.९ टक्के झालेले असते, आणि इथे वक्र सपाट होतो. शुद्ध धातूसारखा थांबा लागतो.

मुशी बदला; तीस टक्क्यांची घ्या, पन्नासची घ्या, ऐंशीची घ्या. वाक येण्याचे तापमान दरवेळी वेगळे, पण थांबा नेहमी १८३ वरच. नेमक्या ६१.९ टक्क्यांच्या मुशीत वाक येतच नाही, वक्र सरळ १८३ ला उतरतो आणि सर्वांत जास्त वेळ तिथे पडून राहतो. प्रत्येक वक्रातला वाक आणि थांबा उचलून टक्केवारीच्या कागदावर ठेवला की अवस्था-आलेख उमटतो.

थांबा एकाच आकड्यावर का, याचे उत्तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे जोसाया विलर्ड गिब्ज यांच्या १८७० च्या दशकातल्या नियमातून मिळते. दोन घटकांचे मिश्रण हवेच्या ठरलेल्या दाबाखाली आहे असे धरू. नुसता रस असेल तर तापमान आणि प्रमाण दोन्ही आपल्या मर्जीने ठेवता येतात. रस आणि एक प्रकारचे स्फटिक एकत्र असतील तर एकच गोष्ट निवडता येते; तापमान ठरवले की रसाचे आणि स्फटिकाचे प्रमाण आपोआप ठरते. रस, शिशाचे स्फटिक आणि कथलाचे स्फटिक असे तिघे एकत्र आले की निवडायला काहीच उरत नाही. तिघांपैकी एक संपेपर्यंत तापमान जागचे हलू शकत नाही.

आलेख काय गोठेल आणि किती अंशांना गोठेल ते सांगतो. पण सोल्डर वापरणाऱ्याचा खरा प्रश्न वेगळा असतो: अमुक तापमानाला रस किती आणि घन किती? त्यासाठी तरफेचा नियम.

चाळीस टक्क्यांच्या मुशीत १०० ग्रॅम मिश्रण आहे असे समजू, म्हणजे कथील ४० ग्रॅम. तापमान १८३ च्या किंचित वर. आडवी रेषा ओढली तर तिचे डावे टोक स्फटिकांच्या रेषेला १९ टक्क्यांवर लागते आणि उजवे टोक रसाच्या रेषेला ६२ टक्क्यांवर. म्हणजे स्फटिकांत १९ टक्के कथील, रसात ६२ टक्के. दोघांत मिळून ४० ग्रॅम कथील बसलेच पाहिजे, कारण मुशीतून काही उडून गेलेले नाही. अर्धे-अर्धे धरून पाहू. ५० ग्रॅम रसात ३१ ग्रॅम कथील आणि ५० ग्रॅम स्फटिकांत साडेनऊ, बेरीज साडेचाळीस. किंचित जास्त झाली, म्हणजे रस पन्नासपेक्षा जरा कमी असणार. ४९ आणि ५१ केले की हिशेब जुळतो.

हाच हिशेब अंदाज न बांधता करायची युक्ती म्हणजे तरफ. बागेतली सी-सॉची फळी डोळ्यांपुढे आणा. टेकू ४० वर, डाव्या टोकाला १९ वर स्फटिक बसले आहेत, उजव्या टोकाला ६२ वर रस. टेकूपासून डावी बाजू २१ लांब, उजवी २२, आणि सगळी फळी ४३. फळी समतोल राहायची तर जो टेकूच्या जवळ तो जड हवा. म्हणून रसाचा वाटा मोजायचा तो समोरच्या, म्हणजे डाव्या बाजूने: २१ भागिले ४३, ४९ टक्के. स्फटिकांचा वाटा २२ भागिले ४३, ५१ टक्के. परीक्षेत या ठिकाणी बहुतेकांचे गुण जातात. ज्याचा वाटा काढायचा त्याच्याच बाजूची लांबी घेतली जाते. तपासणीही सोपी आहे. टेकू रसाच्या टोकाजवळ असताना उत्तरात रस कमी आला, तर बाजू उलटी धरली आहे.

तीच मूस २२० अंशांना असताना स्फटिकांत सुमारे १६ टक्के आणि रसात सुमारे ४७ टक्के कथील असते. फळी ३१ लांब, डावी बाजू २४, म्हणजे रस सुमारे ७७ टक्के. २३८ अंशांना सगळा रस, २२० ला तीन चतुर्थांशांहून थोडा जास्त, १८३ च्या काठावर निम्मा. आणि तो निम्मा रस मग एकाच तापमानाला, एका दमात गोठतो. गोठताना त्यातून शिसे आणि कथील यांचे पातळ थर आलटूनपालटून बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी जन्मलेल्या शिशाची फांद्याफांद्यांची झुडपे दिसतात आणि त्यांच्यामधल्या जागेत ही पट्ट्यापट्ट्यांची भरण.

इथे थांब्याच्या लांबीला अर्थ येतो. १८३ अंशांवर मूस किती वेळ थांबते, हे त्या क्षणी किती रस शिल्लक होता यावर अवलंबून असते. जर्मनीत ग्योटिंगेन येथे काम करणारे गुस्टाव्ह टामान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचे मोजमाप केले. समजा, ६१.९ टक्क्यांची मूस १० मिनिटे थांबते. मग तितक्याच वजनाची, तशीच निवणारी ४० टक्क्यांची मूस सुमारे पाच मिनिटे थांबेल. ३० टक्क्यांच्या मुशीत तरफेने रस २६ टक्के येतो, म्हणजे अडीच मिनिटांच्या वर थोडे. हे बिंदू जोडले की एक सरळ रेषा मिळते आणि ती शून्य मिनिटांना १९ टक्क्यांवर टेकते. म्हणजे शिशाच्या स्फटिकात कथील किती मावते, हे स्फटिक न फोडता नुसत्या घड्याळाने कळते. उजवीकडूनही अशीच रेषा उतरते. या त्रिकोणाइतकी देखणी गोष्ट या विषयात दुसरी नाही, आणि पाठ्यपुस्तके मात्र ती अनेकदा गाळतात.

निम्मा रस आणि निम्मे स्फटिक ही अवस्था कुणाला हवी असते? जुन्या नळकाम करणाऱ्यांना. रोमन लेखक प्लिनी याने शिशाचे नळ जोडण्यासाठी दोन भाग शिसे आणि एक भाग कथील यांचे मिश्रण नोंदले आहे. युरोपातले प्लंबर विसाव्या शतकापर्यंत जवळपास त्याच प्रमाणाला धरून होते. त्यांना सांध्याभोवती धातूचा गुळगुळीत फुगवटा हाताने घडवायचा असे. चरबी लावलेल्या जाड कापडाने ते तो लगदा नळावर फिरवत. त्रेसष्ट-सदतीस तिथे घेतले असते तर सगळे जमिनीवर ठिबकले असते. तेहतीस टक्के कथलाचे मिश्रण मात्र २५० च्या आसपास दाटू लागते आणि १८३ च्या काठावरही त्यात एक तृतीयांश रस असतो, म्हणजे घडवायला साठ-सत्तर अंशांची सवड. प्लंबरला आलेख ठाऊक नव्हता, पण आलेखातली रुंद जागा त्याने अचूक निवडली होती.

सर्किट बोर्डावर हीच सवड घातक ठरते. लगद्याच्या अवस्थेत पायाची तार जरा हलली तरी स्फटिकांची झुडपे मोडतात, आणि त्यांच्यामधल्या भेगा भरायला पुरेसा रस नसतो. सांधा खरबरीत दिसतो, काही दिवस चालतो, मग कधी संपर्क लागतो, कधी तुटतो. दुरुस्तीवाले याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात, अर्थात न चढलेल्या किंवा पुरेशा न तापलेल्या सांध्यालाही ते तेच नाव देतात. साठ-चाळीसच्या तारेत १८३ च्या काठावर घन भाग तरफेने जेमतेम साडेचार टक्के येतो, त्यामुळे सरावलेल्या हाताला ती चालते. पन्नास-पन्नासमध्ये तो भाग २८ टक्के होतो. स्वस्त रिळावर लिहिलेले प्रमाण खरे नसेल, तर फसवणूक पहिल्यांदा उघड होते ती अशी: सांधा चमकायला आणि घट्ट व्हायला वेळ लावतो.

पण आलेखालाही मर्यादा आहे. तो गृहीत धरतो की धातूला हवा तेवढा वेळ मिळाला आहे. पंधरा टक्के कथलाचे मिश्रण आलेखाप्रमाणे २२७ अंशांच्या आसपास पूर्ण गोठायला हवे आणि त्यात १८३ चा थांबा यायला नको, कारण १९ च्या आतले सगळे कथील स्फटिकात मावते. ओतकामातल्या वेगाने निवणाऱ्या तुकड्यात मात्र थोडा थांबा येतो. आधी बनलेल्या स्फटिकाच्या गाभ्यात कथील कमी असते, नंतरच्या थरांत जास्त. घन अवस्थेत अणू सावकाश सरकतात आणि गाभा सुधारायला सवड मिळत नाही. गाभ्याने न घेतलेले कथील रसात साचते आणि शेवटी युटेक्टिकपर्यंत पोचते. टामानची रेषाही मग १९ च्या डावीकडे सरकून शून्याला भिडते. असा तुकडा पुन्हा १८३ च्या वर तापवला, तर आलेख ज्याला पूर्ण घन म्हणतो तो आतून ओला होतो.

तरफेचा नियम वजन सांगतो, आकार सांगत नाही. थर जाड की बारीक, झुडपे मोठी की लहान, हे निवण्याच्या वेगावर ठरते. आणि दोन अवस्थांच्या पट्ट्याबाहेर त्याला काही अर्थ नाही. आडवा अक्ष वजनाचा आहे की अणूंच्या संख्येचा, हेही आधी पाहून घ्यावे. वजनाने ६१.९ टक्के कथील म्हणजे अणूंच्या संख्येने जवळजवळ ७४ टक्के, कारण शिशाचा अणू बराच जड. दोन पुस्तकांतले आलेख जुळत नाहीत असे वाटले, तर बहुधा घोळ इथेच असतो.

१ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिसे वापरायला बंदी घातली आणि १८३ चा आकडा कारखान्यांतून मागे पडला. त्याच्या जागी आलेले सर्वाधिक वापरातले मिश्रण म्हणजे कथील ९६.५, चांदी ३ आणि तांबे अर्धा टक्का. ते २१७ ते २२० अंशांत वितळते. पट्टा अरुंदच आहे, पण जागा ३५ अंश वर सरकली, म्हणून भट्ट्या, बोर्ड, जोडणी सगळे जास्त तापवावे लागले. त्याचे चांगले सांधेही काहीसे निस्तेज दिसतात, त्यामुळे चमक पाहून सांधा पारखण्याची जुनी सवय तिथे दगा देते.

उष्णता न सोसणाऱ्या भागांसाठी कथील आणि बिस्मथची जोडी घेतात. बिस्मथ ५८ टक्के असताना ती १३८ अंशांनाच वितळते, आणि हाही युटेक्टिकच. अडचण होते ती अशा सोल्डरची गाठ जुन्या, शिशाचा मुलामा असलेल्या भागाशी पडली तर. आता घटक दोन नाहीत, तीन आहेत. कथील, शिसे आणि बिस्मथ यांचा मिळून आणखी एक युटेक्टिक बिंदू आहे, ९६ अंशांच्या आसपास. शिसे जरासेच आले असेल तर त्या मिश्रणाचा वाटाही जरासाच असतो, पण तो सर्वांत शेवटी गोठतो म्हणून स्फटिकांच्या सीमांवरच जमतो. इंजिनाजवळ शंभर अंशांपर्यंत तापणाऱ्या बोर्डात तो दरवेळी वितळतो आणि दरवेळी गोठतो. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र बोर्ड थंडच असतो आणि मीटर संपर्क बरोबर दाखवतो.